हप्ता तोच राहिला, मुद्दल मात्र वाढू लागले : एका गृहकर्जाच्या महिनावार तक्त्याचा अभ्यास

जून २०२३ मध्ये माझा मावसभाऊ आणि वहिनी नाशिकहून माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात बँकेने दिलेला गृहकर्जाच्या व्याजाचा वार्षिक दाखला होता. भाऊ अनुदानित शाळेत शिक्षक आहे. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने ३० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने घेतले होते. ५८ व्या वर्षी निवृत्त होताना कर्जही संपावे, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. व्याजदर ६.७५ टक्के आणि मासिक हप्ता २२,८११ रुपये होता. बारा महिने एकही हप्ता चुकला नव्हता. कर्ज घेताना मिळालेल्या छापील वेळापत्रकाप्रमाणे पहिल्या वर्षात सुमारे ७३,५०० रुपये मुद्दल फिटायला हवे होते. दाखल्यावर मात्र आकडा होता ३५,३३७.

"दादा, हप्ता तोच, तारीख तीच, मग मुद्दल निम्मेच कसे फिटले?" हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर छापील वेळापत्रकात मिळणार नव्हते, म्हणून आम्ही दोघांनी बसून कर्जाचा तक्ता पहिल्या महिन्यापासून नव्याने मांडला. त्या मांडणीची आणि तिच्यातून जे हाती लागले त्याची ही नोंद आहे.

आधी केलेला तक्ता आणि त्यातली चूक

भावाने माझ्याकडे येण्यापूर्वी स्वतः एक प्रयत्न केला होता. एक्सेलमध्ये वरच्या एका चौकटीत व्याजदर, दुसरीत मुदत आणि तिसरीत रक्कम लिहून त्याने खाली हप्त्यातले व्याज आणि मुद्दल काढणाऱ्या `IPMT` आणि `PPMT` या सूत्रांनी २४० ओळी भरल्या होत्या. दर बदलल्याचे संदेश त्याला मोबाइलवर आले होते, त्यामुळे त्याने वरच्या चौकटीत ६.७५ च्या जागी ९.२५ लिहिले. त्याबरोबर संपूर्ण तक्ता बदलला. हप्ता २७,४७६ रुपये झाला आणि एप्रिल २०२२ चे व्याज २३,१२५ रुपये दिसू लागले. प्रत्यक्षात तो हप्ता त्याने कधी भरला नव्हता आणि त्या महिन्याचे व्याजही १६,८७५ रुपयेच होते.

हा दोष सूत्रांच्या गणिताचा नाही. `IPMT` आणि `PPMT` ही सूत्रे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच दर आणि एकच हप्ता गृहीत धरतात. कर्ज स्थिर दराचे असेल तर ती अचूक उत्तर देतात. फ्लोटिंग दराच्या कर्जात मात्र दर बदलला की त्या महिन्यापुढचे भविष्य बदलते, मागचा इतिहास तसाच राहतो. ज्या तक्त्यात दर एकाच चौकटीत असतो, त्याला हा फरक सांगण्याची सोयच नसते. म्हणून अशा कर्जासाठी दर हा प्रत्येक ओळीचा स्वतंत्र घटक असला पाहिजे, आणि हप्ताही तसाच.

तक्त्याची मांडणी

आम्ही आठ रकाने केले: महिना, वार्षिक दर, ठरलेला हप्ता, सुरुवातीची शिल्लक, व्याज, मुद्दल, जादा भरणा आणि अखेरची शिल्लक. पहिल्या ओळीत मथळे, दुसऱ्या ओळीत एप्रिल २०२२. हप्ता काढण्यासाठी `PMT` हे सूत्र एकदाच वापरले:

```
=PMT(6.75%/12,240,-3000000)
```

याचे उत्तर २२,८१०.९२ येते. बँका ते पूर्ण रुपयात वर नेतात, म्हणून २२,८११. हा आकडा तिसऱ्या रकान्यात हाताने लिहिला, दुसऱ्या रकान्यात दर ६.७५% असा टक्केचिन्हासह लिहिला, चौथ्या रकान्याच्या पहिल्या चौकटीत ३०,००,००० लिहिले आणि बाकीचे पुढील सूत्रांवर सोडले:

```
E2: =ROUND(D2*B2/12,0)
F2: =MIN(C2-E2,D2)
H2: =D2-F2-G2
B3: =B2
C3: =C2
D3: =H2
```

व्याज म्हणजे महिन्याच्या सुरुवातीच्या शिल्लकेवर एका महिन्याचा दर. हप्त्यातून व्याज वजा जाता जे उरते ते मुद्दल, आणि ते शिल्लकेतून वजा होते. त्या अखेरच्या शिल्लकेवर पुढची ओळ सुरू होते. दर आणि हप्ता हे दोन्ही वरच्या ओळीतून खाली उतरतात. त्यामुळे ज्या महिन्यात दर बदलला, त्याच महिन्याच्या चौकटीत नवा आकडा लिहिला की तो तिथून खाली वाहत जातो आणि वरच्या ओळींना हात लावत नाही. `MIN` शेवटच्या ओळीसाठी आहे. हप्ता काही पैशांनी वर नेलेला असल्यामुळे शेवटच्या महिन्यात शिल्लक हप्त्यापेक्षा थोडी कमी उरते. `MIN` नसेल तर तक्ता शून्याखाली जातो. या कर्जात शेवटचा हप्ता सुमारे ४० रुपयांनी लहान निघतो.

दर बदलण्यापूर्वी तक्ता मूळ अटींवर एकदा चालवून पाहणे मला आवश्यक वाटते, कारण सूत्रातली चूक त्याच वेळी सापडते. मुद्दलाच्या रकान्याची बेरीज नेमकी ३०,००,००० आली पाहिजे आणि २४० व्या ओळीची अखेरची शिल्लक शून्य असली पाहिजे. दोन्ही जुळले. मूळ अटींवर व्याजाची एकूण रक्कम सुमारे २४ लाख ७४ हजार ६०० रुपये होते आणि हप्त्यातले मुद्दल व्याजापेक्षा मोठे होण्याचा पहिला महिना ११८ वा, म्हणजे जानेवारी २०३२. जवळजवळ दहा वर्षे हप्त्याचा मोठा वाटा व्याजाकडेच जातो, हे वहिनींनी तेव्हा प्रथमच आकड्यांत पाहिले.

एक रक्कम तक्त्याबाहेर ठेवावी लागली. कर्ज ११ मार्च २०२२ रोजी उचलले होते आणि हप्ते एप्रिलपासून सुरू झाले. मधल्या २१ दिवसांचे व्याज, म्हणजे ३० लाखांवर ६.७५ टक्क्यांनी ११,६५१ रुपये, बँकेने वेगळे वसूल केले होते. ही रक्कम हप्त्याचा भाग नाही, तिच्यातून मुद्दल फिटत नाही आणि ती आधीच्या आर्थिक वर्षात, २०२१-२२ मध्ये, मोडते. भावाने ती पहिल्या वर्षाच्या व्याजात मिळवली होती. त्याचा तक्ता दाखल्याशी न जुळण्याचे तेही एक कारण होते.

दर कधी आणि किती बदलला

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना किरकोळ ग्राहकांची नवी फ्लोटिंग दराची कर्जे बाह्य मानदंडाशी जोडावी लागतात आणि दराची फेरनिश्चिती किमान तीन महिन्यांतून एकदा करावी लागते. भावाचे कर्ज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्या दराशी, जोडलेले होते. करारपत्रात "रेपो अधिक २.७५ टक्के" असे लिहिले होते आणि फेरनिश्चितीच्या तारखा जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर महिन्यांच्या पहिल्या होत्या. कर्ज घेतले तेव्हा रेपो दर ४ टक्के होता, म्हणून दर ६.७५. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ पासून रेपो दर वाढवायला सुरुवात केली. जूनमध्ये तो ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० झाला. भावाच्या कर्जाचा दर त्यामुळे १ जुलैला ७.६५, १ ऑक्टोबरला ८.६५, १ जानेवारीला ९.०० आणि १ एप्रिल २०२३ ला ९.२५ टक्के झाला. हप्ता मात्र कोणत्याही टप्प्यावर बदलला नाही.

हे चार दर आपापल्या महिन्यांत लिहिल्यावर तक्ता असा दिसला:

| महिना | दर (%) | व्याज | मुद्दल | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| एप्रिल २०२२ | ६.७५ | १६,८७५ | ५,९३६ | २९,९४,०६४ |
| मे | ६.७५ | १६,८४२ | ५,९६९ | २९,८८,०९५ |
| जून | ६.७५ | १६,८०८ | ६,००३ | २९,८२,०९२ |
| जुलै | ७.६५ | १९,०११ | ३,८०० | २९,७८,२९२ |
| ऑगस्ट | ७.६५ | १८,९८७ | ३,८२४ | २९,७४,४६८ |
| सप्टेंबर | ७.६५ | १८,९६२ | ३,८४९ | २९,७०,६१९ |
| ऑक्टोबर | ८.६५ | २१,४१३ | १,३९८ | २९,६९,२२१ |
| नोव्हेंबर | ८.६५ | २१,४०३ | १,४०८ | २९,६७,८१३ |
| डिसेंबर | ८.६५ | २१,३९३ | १,४१८ | २९,६६,३९५ |
| जानेवारी २०२३ | ९.०० | २२,२४८ | ५६३ | २९,६५,८३२ |
| फेब्रुवारी | ९.०० | २२,२४४ | ५६७ | २९,६५,२६५ |
| मार्च | ९.०० | २२,२३९ | ५७२ | २९,६४,६९३ |
| एप्रिल | ९.२५ | २२,८५३ | −४२ | २९,६४,७३५ |

शेवटच्या ओळीतला उणे आकडा पाहून भावाला प्रथम सूत्र चुकले असे वाटले. सूत्र बरोबर होते. एप्रिल २०२३ चे व्याज हप्त्यापेक्षा ४२ रुपयांनी जास्त होते, त्यामुळे हप्ता पूर्ण भरूनही कर्ज ४२ रुपयांनी वाढले. पुढच्या महिन्यात त्या ४२ रुपयांवरही व्याज लागणार होते. दर तोच राहिला असता तर हे कर्ज त्या हप्त्यात कधीच फिटले नसते.

मुदतीचे काय झाले हे पाहण्यासाठी प्रत्येक फेरनिश्चितीच्या वेळची शिल्लक घेऊन उरलेले हप्ते मोजणारे `NPER` हे सूत्र चालवले. जानेवारी २०२३ साठी ते असे होते:

```
=NPER(9%/12,-22811,2966395)
```

जुलै २०२२ मध्ये मूळ हिशेबाने २३७ हप्ते उरायला हवे होते, ते सुमारे २८२ झाले. ऑक्टोबरमध्ये उरलेले हप्ते ३८९ झाले, म्हणजे ३२ वर्षांहून अधिक. जानेवारीत सुमारे ४९५, म्हणजे ४१ वर्षे. एप्रिलमध्ये त्याच सूत्राने `#NUM!` दाखवले, कारण या हप्त्याने या दरावर कर्ज फिटेल अशी महिन्यांची कोणतीही संख्या अस्तित्वात नाही. मोबाइलवर आलेल्या संदेशांत फक्त नवा दर होता, मुदतीचा उल्लेख नव्हता. निवृत्तीच्या महिन्यात संपणारे कर्ज जानेवारीच्या हिशेबाने भावाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत गेले होते आणि ते कोणाच्याही नजरेस आले नव्हते.

पहिल्या ओळीत दडलेली मर्यादा

हे सारे एप्रिल २०२२ च्या एका ओळीवरूनच ओळखता आले असते, आणि मला या प्रकरणातली सर्वांत उपयुक्त गोष्ट तीच वाटते.

३० लाखांवर एक टक्का व्याज वाढले तर महिन्याचे व्याज २,५०० रुपयांनी वाढते. हप्ता बदलला नाही तर ही सगळी वाढ मुद्दलाच्या वाट्यातून जाते, कारण हप्त्यात दुसरे काही नसतेच. पहिल्या महिन्यात मुद्दलाचा वाटा ५,९३६ रुपये होता. त्याला २,५०० ने भागले की २.३७ येते. म्हणजे हप्ता न वाढवता हे कर्ज साधारण २.३७ टक्क्यांपर्यंतची दरवाढ सोसू शकत होते. प्रत्यक्ष वाढ अडीच टक्क्यांची झाली. मधल्या वर्षभरात शिल्लक जेमतेम ३५ हजारांनी कमी झाल्यामुळे मर्यादा फारशी सरकली नव्हती. म्हणून तूट ४२ रुपयांचीच निघाली, पण निघाली.

हीच मोजणी वेगवेगळ्या मुदतींसाठी केली की लांब मुदतीचा धोका नीट दिसतो. तेच ३० लाख त्याच दराने १५ वर्षांसाठी घेतले असते तर हप्ता २६,५४७ रुपये आणि पहिल्या महिन्याचे मुद्दल ९,६७२ रुपये झाले असते. ते कर्ज ३.८७ टक्क्यांची वाढ सोसू शकले असते. ३० वर्षांसाठी हप्ता १९,४५८ रुपयांवर येतो, पण त्यात मुद्दल फक्त २,५८३ रुपये असते आणि सोसण्याची मर्यादा १.०३ टक्के. अशा कर्जाचे मुद्दल २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच वाढू लागले असते. लोक हप्ता कमी व्हावा म्हणून मुदत लांबवतात. तसे करताना दरवाढ झेलण्याची जागाही कमी होते, हे हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही, मुद्दलाच्या रकान्यात मात्र पहिल्याच ओळीत दिसते. कर्ज घेताना ही एक भागाकाराची कृती प्रत्येकाने करावी असे मी आता सर्वांना आग्रहाने सांगतो.

बँकेच्या उताऱ्याशी मेळ

आमच्या तक्त्यात पहिल्या वर्षीचे मुद्दल ३५,३०७ रुपये आले आणि दाखल्यावर ३५,३३७ होते. तीस रुपयांचा फरक सोडून देण्यासारखा आहे, असे भावाचे मत होते. हिशेब तपासण्याच्या कामात इतकी वर्षे घालवल्यावर मला तसे सोडवत नाही. लहान फरकामागे कधी निरुपद्रवी कारण असते, कधी परस्परांना झाकणाऱ्या दोन मोठ्या चुका असतात, आणि कारण सापडेपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात.

महिनावार उतारा पाहिल्यावर फरक तीस रुपयांचा नव्हताच. एप्रिल २०२२ चे व्याज आमच्याकडे १६,८७५ होते, उताऱ्यात १६,६४४. मे महिन्यात आमचे १६,८४२, उताऱ्यात १७,१६३. कधी बँक कमी, कधी जास्त. कारण असे की बँक वर्षाचे बारा समान भाग करत नव्हती. ती रोजच्या शिल्लकेवर, ३६५ दिवसांच्या हिशेबाने व्याज काढून महिन्याच्या अखेरीस नावे टाकत होती. एप्रिलचे दिवस तीस, मेचे एकतीस. त्यामुळे व्याजाच्या रकान्याचे सूत्र असे बदलले:

```
E2: =ROUND(D2*B2*DAY(EOMONTH(A2,0))/365,0)
```

पहिल्या रकान्यात महिन्याचे नाव न लिहिता त्या महिन्यातली तारीख लिहावी लागते, एवढीच काळजी घ्यायची. या सूत्राने बाराही महिन्यांचे व्याज उताऱ्याशी रुपयाला रुपया जुळले, मार्च २०२३ अखेरची शिल्लक २९,६४,६६३ आली आणि वर्षाचे मुद्दल ३५,३३७. हा मेळ इतका सहज बसला, कारण या खात्यात हप्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होत होता. हप्ता पाच किंवा दहा तारखेला जमा होत असेल, तर त्या महिन्याचे दोन तुकडे करावे लागतात: हप्त्यापूर्वीचे दिवस जुन्या शिल्लकेवर आणि नंतरचे दिवस नव्या शिल्लकेवर. दिवस मोजण्याची पद्धत करारपत्रात लिहिलेली असते, ती तिथूनच घ्यावी.

दोन्ही पद्धतींच्या तक्त्यांचे उपयोग वेगळे आहेत. दिवसांच्या हिशेबाचा तक्ता उताऱ्याशी मेळ घालण्यासाठी लागतो, परंतु कर्जाची प्रकृती पाहायला तो फसवा आहे. त्यात जानेवारी २०२३ चे मुद्दल १३० रुपये, फेब्रुवारीचे २,३२६ आणि मार्चचे पुन्हा १४८ दिसते. फेब्रुवारीत परिस्थिती सुधारली असे वाटावे, पण तो केवळ अठ्ठावीस दिवसांचा परिणाम आहे. एप्रिल तीस दिवसांचा असल्यामुळे त्यात २७१ रुपये मुद्दल फिटलेले दिसते, आणि मेमध्ये व्याज २३,२८९ होऊन शिल्लक एकदम ४७८ रुपयांनी वाढते. उताऱ्यात एप्रिलअखेरची शिल्लक २९,६४,३९२ आणि मेअखेरची २९,६४,८७० होती. हप्ता नियमित असताना शिल्लक वाढलेली दिसणे हीच मुद्दल वाढू लागल्याची खात्रीची खूण आहे, आणि ती ओळखायला तक्ताही लागत नाही. दोन महिन्यांच्या अखेरच्या शिल्लका शेजारी ठेवल्या की पुरे. भावाने उतारा दर महिन्याला उघडला होता. त्याची नजर मात्र हप्ता जमा झाला की नाही, एवढ्यावरच थांबत होती.

निर्णय

जूनअखेर बँकेच्या हिशेबाने शिल्लक २९,६४,६०० रुपये होती आणि मूळ मुदतीचे २२५ महिने उरले होते. तक्ता तयार असल्यामुळे पर्याय पाहणे सोपे झाले. हप्त्याच्या आणि जादा भरण्याच्या चौकटींत आकडे बदलायचे आणि शिल्लक कुठे शून्य होते ते पाहायचे.

मूळ मुदतीतच कर्ज संपवायचे तर हप्ता २७,७९१ रुपये करावा लागत होता, म्हणजे दरमहा ४,९८० रुपयांची वाढ. मुलीच्या बारावीच्या शिकवणीचा खर्च धरून ते त्यांना झेपणारे नव्हते. वहिनींनी घरखर्चाचा हिशेब करून २५,५०० ची मर्यादा सांगितली. त्या हप्त्याने कर्ज २९५ महिन्यांत फिटत होते, म्हणजे निवृत्तीनंतर जवळजवळ सहा वर्षे. मग वहिनींनीच मुदत संपत आलेल्या दोन लाखांच्या ठेवीचा विषय काढला. जुलैच्या सुरुवातीची शिल्लक २७,६४,६०० धरून तोच २५,५०० चा हप्ता चालवला, तेव्हा कर्ज २३६ महिन्यांवर आले. दोन लाखांनी ५९ हप्ते कमी झाले, आणि मूळ तारखेपेक्षा उशीर अकरा महिन्यांचाच राहिला. फ्लोटिंग दराने व्यक्तीने घेतलेल्या गृहकर्जावर मुदतीआधी भरणा केल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही, त्यामुळे त्या दोन लाखांतला प्रत्येक रुपया मुद्दलात गेला.

दोन लाखांचा परिणाम एवढा मोठा का, याचे उत्तरही तक्त्यातच आहे. त्या रकमेवर ९.२५ टक्क्यांनी दरमहा १,५४२ रुपये व्याज लागत होते, आणि ते वाचलेले व्याज पुढच्या प्रत्येक हप्त्यात मुद्दलाच्या रकान्यात जाऊन बसले. हप्त्याची वाढ आणि हा भरणा मिळून मुद्दलाचा वाटा शून्याखालून ४,१९० रुपयांवर आला. एक टक्क्याची किंमत आता २,३०४ रुपये होती. म्हणजे आणखी १.८ टक्के दरवाढ झाली असती तरी कर्ज उलटे चालले नसते.

शाखेत दोन स्वतंत्र अर्ज दिले. एका अर्जात हप्ता वाढवण्याची विनंती होती. दुसऱ्यात दोन लाख मुद्दलात जमा करावेत, हप्ता कमी करू नये आणि मुदत कमी करावी असे स्पष्ट लिहिले होते. हे वाक्य नसेल तर काही वेळा जादा भरण्यानंतर मुदत तशीच ठेवून हप्ता घटवला जातो, आणि मग व्याजातली बचत पुष्कळ कमी होते. जुलैअखेरच्या उताऱ्यात दोन्ही गोष्टी आल्या आहेत हे आम्ही ओळीने तपासून घेतले.

अर्ज दिल्यानंतर दीड महिन्याने, १८ ऑगस्ट २०२३ रोजी, रिझर्व्ह बँकेने हप्त्याने फेडायच्या फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जांबाबत परिपत्रक काढले. या व्याख्येत गृहकर्जही येते. दराची फेरनिश्चिती होताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे थोडे करायचे, ही निवड कर्जदाराला द्यावी, मुदत वाढवल्यामुळे मुद्दल वाढू लागेल अशी स्थिती येऊ देऊ नये, आणि प्रत्येक तिमाहीला द्यायच्या विवरणात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर द्यावेत, असे त्यात आहे. जुन्या कर्जांनाही ते ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचे होते. भावाच्या तक्त्यातला कळीचा आकडा, उरलेले हप्ते, आता बँकेला स्वतःहून सांगावा लागतो. मेळ घालायला तो फार उपयोगी पडतो.

तक्ता आम्ही बंद केला नाही. २०२५ मध्ये रेपो दर उतरू लागला, तेव्हा १ एप्रिलच्या ओळीत ९.०० आणि १ जुलैच्या ओळीत ८.२५ लिहिले. हप्ता मुद्दाम २५,५०० वरच ठेवला, तसा लेखी अर्ज पुन्हा दिला. जुलै २०२५ च्या सुरुवातीला शिल्लक सुमारे २६ लाख ५३ हजार आणि उरलेले हप्ते १८४ आले. मूळ वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशी २०१ उरायला हवे होते. दर पुन्हा वाढला नाही, तर भावाचे कर्ज आता निवृत्तीच्या सतरा महिने आधी संपेल.